बाळाचे पाय वाकडे दिसतात: वाढीची पायरी की मुडदूस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये लहान मुलांची डॉक्टर आहे. रामबाग, राजेंद्रनगर, सुदामानगर या भागांतून येणाऱ्या मराठी घरांमधून मुलांच्या पायांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिली आहेत. ओपीडीत दहा मिनिटांत एवढं बोलणं होत नाही आणि अर्धवट ऐकलेलं घरी जाऊन आणखी काळजी वाढवतं. उत्तरांमध्ये दोन मुलं पुन्हापुन्हा भेटतील. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील थोडे बदलले आहेत.

दीड वर्षाच्या मुलाचे पाय धनुष्यासारखे दिसतात. हे नॉर्मल आहे का?

बहुतेक वेळा, हो. बाळ पोटात मांडी घालून, पाय दुमडून बसलेलं असतं. जन्माला येतं तेव्हा त्याचे गुडघे बाहेरच्या बाजूला झुकलेलेच असतात. कपड्यात गुंडाळलेलं असताना ते कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. मूल उभं राहून चालायला लागलं की अचानक दिसतं आणि घरच्यांना वाटतं, चालायला लागल्यामुळे पाय वाकले. खरं तर वाक आधीपासूनच होता.

सालेनिअस आणि वांका या फिनलंडच्या दोन डॉक्टरांनी १९७५ साली वेगवेगळ्या वयाच्या मुलांचे एक्स-रे घेऊन मांडी आणि नडगी यांच्यामधला कोन मोजला. जन्माच्या वेळी पाय बाहेरच्या बाजूला साधारण १५ अंश वाकलेले. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान सरळ. तिथे ते थांबत नाहीत, उलट बाजूला जातात: तीन वर्षांच्या आसपास गुडघे आत वळतात, साधारण १० ते १२ अंश. मग हळूहळू तेही कमी होतं आणि सहा-सात वर्षांचं मूल मोठ्या माणसासारखं, म्हणजे किंचित आत झुकलेल्या गुडघ्यांवर उभं राहतं. झोका एका बाजूला जातो, दुसऱ्या बाजूला जातो आणि मग मधे येऊन थांबतो, तसंच हे आहे.

रामबागेतला एक मुलगा माझ्याकडे १९ महिन्यांचा असताना आला. अकराव्या महिन्यात चालला होता, उंची-वजन वयाप्रमाणे, दोन्ही पाय सारखेच वाकलेले. आजी म्हणाल्या, "आमच्याकडे कुणाचेच असे पाय नाहीत हो." मी त्यांना त्याच्या वडिलांचा लहानपणीचा फोटो शोधायला सांगितला. पुढच्या वेळी त्या फोटो घेऊन आल्या. राजवाड्यासमोर उभं असलेलं दीड वर्षाचं मूल, आणि पाय अगदी नातवासारखे.

घरी मोजायचं कसं?

नुसतं बघून अंदाज चुकतो, म्हणून मोजाच. मुलाला गादीवर नाही, सतरंजीवर किंवा जमिनीवर उताणं झोपवा. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या अगदी वर, छताकडे आल्या पाहिजेत. हीच पायरी लोक गाळतात. वाटी आत किंवा बाहेर वळली असेल तर सरळ पायही वाकडा दिसतो. आता दोन्ही घोट्यांची आतली हाडं एकमेकांना टेकवा आणि दोन गुडघ्यांमध्ये किती जागा उरते ते शिंप्याच्या टेपने मोजा. बाहेर वाकलेल्या पायांचं हे माप.

गुडघे आत वळलेले असतील तर उलट करायचं. गुडघे एकमेकांना नुसते टेकवायचे, दाबायचे नाहीत, आणि घोट्यांच्या आतल्या हाडांमधलं अंतर मोजायचं.

दोन वर्षांच्या आतल्या मुलात गुडघ्यांमधलं अंतर तीन-चार सेंटीमीटर असणं नेहमीचं आहे. सहाच्या वर गेलं तर डॉक्टरांना दाखवा. घोट्यांमधल्या अंतराला आठ सेंटीमीटर ही तशी रेघ धरतात. पण एका मापापेक्षा दोन मापं जास्त बोलतात. तारीख लिहून ठेवा, तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. मूल उंच झालं आणि अंतर तेवढंच राहिलं, तर प्रत्यक्षात कोन कमी झालेला असतो, हे लक्षात घ्या.

फोटो काढत असाल तर फोन मुलाच्या गुडघ्यांच्या उंचीवर धरा. वरून काढलेल्या फोटोत सगळ्यांचेच पाय वेडेवाकडे येतात.

रिपोर्टमध्ये व्हिटॅमिन डी १६ आलंय, समोर लाल अक्षरात "कमी" लिहिलंय. म्हणजे मुडदूस झाला का?

नाही. या पानावरचं हे एकच उत्तर नीट वाचलंत तरी माझं काम झालं, म्हणून जरा थांबून सांगते.

आपल्याकडे व्हिटॅमिन डी कमी असलेली मुलं खूप आहेत आणि दीड वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक मुलाचे पाय थोडे वाकलेले असतात. दोन्ही गोष्टी इतक्या सर्रास आहेत की एकाच मुलात त्या एकत्र सापडणारच. एकीमुळे दुसरी झाली असं त्यावरून ठरत नाही.

शिवाय "कमी" कशाला म्हणायचं, यातही फरक आहे. बऱ्याच लॅब ३० च्या खाली आलेला प्रत्येक आकडा कमी म्हणून छापतात. मुलांच्या मुडदुसाबद्दल २०१६ साली जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून जी मार्गदर्शक तत्त्वं ठरवली, त्यांत २० नॅनोग्रॅमच्या वर पुरेसं, १२ ते २० अपुरं आणि १२ च्या खाली कमतरता असं धरलं आहे. रामबागेतल्या त्या मुलाचा आकडा १६ होता, म्हणजे अपुरं. त्याला रोजचे थेंब सुरू केले, ते योग्यच होतं. पण ते पाय सरळ करण्यासाठी नव्हते. पाय त्यांच्या वेळेने सरळ होणार होते.

मुडदूस हा हाडाचा आजार आहे. हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची एक पातळ पट्टी असते, तिथे हाड वाढतं. रोज नवी कूर्चा तयार होते आणि कॅल्शियम-फॉस्फरस बसून ती कडक होते. हे बसणं थांबलं की मऊ कूर्चा नुसती साठत जाते, पट्टी जाड आणि रुंद होते, आणि वर शरीराचं वजन पडलं की वाकते. नव्या स्लॅबमध्ये सिमेंट कमी पडलं तर तो पुढे खाली झुकतो, तसं. हे घडतंय का, ते रक्तातल्या व्हिटॅमिन डीच्या आकड्यावरून कळत नाही. ते एक्स-रेवर आणि अल्कलाइन फॉस्फटेज या रक्ततपासणीवर दिसतं. हाड तयार करणाऱ्या पेशी जोर लावून काम करतात तेव्हा हे एन्झाइम वाढतं.

याच तपासणीत आणखी एक गोंधळ होतो. वाढत्या मुलाचं अल्कलाइन फॉस्फटेज मोठ्या माणसापेक्षा जास्तच असतं. रिपोर्टच्या उजव्या रकान्यात मोठ्यांची मर्यादा छापलेली असेल तर निरोगी मुलाचाही आकडा लाल दिसतो. त्या मुलाचं २९० होतं आणि घरचे रात्रभर जागे राहिले. त्याच्या वयाला ते अगदी ठीक होतं.

मग खरा मुडदूस ओळखायचा कसा?

आता दुसरं मूल, ही एक मुलगी. राजेंद्रनगरमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, वय दोन वर्षं सात महिने. आईची तक्रार पायांची नव्हतीच. "ही जिना चढत नाही, सारखी कडेवर घे म्हणते," अशी होती. दोन वर्षांपर्यंत अंगावरचं दूध, त्याबरोबर थेंब कधी दिलेच नव्हते. वरचं दूध आवडत नाही, म्हणून चहा-बिस्किट, पोहे, वरण-भात. चालायला लागली सतराव्या महिन्यात. पुढचे दात उशिरा आले.

उताणी झोपवून मोजलं, गुडघ्यांमध्ये सात सेंटीमीटर. या वयात पाय सरळ होऊन आत झुकायला लागायला हवे होते, हिचे अजून बाहेरच होते. पण मला खात्री पटली ती तिच्या मनगटांवरून. बांगडी भरताना अडकावी अशी रुंद, जाड मनगटं. बरगड्या पुढे जिथे कूर्चेला जोडतात तिथे बोट फिरवलं तर एकाखाली एक गाठी लागत होत्या, जपमाळेच्या मण्यांसारख्या. कपाळ थोडं पुढे आलेलं. उंची वयाच्या मानाने कमी.

मनगटाचा आणि गुडघ्याचा एक्स-रे काढला. हीच हाडं सर्वांत वेगाने वाढतात, म्हणून बिघाड तिथे आधी दिसतो. हाडाची टोकं सपाट नव्हती, वाटीसारखी खोलगट झाली होती आणि कडा फाटक्या फडक्यासारख्या विस्कटलेल्या. अल्कलाइन फॉस्फटेज ११८०, फॉस्फरस २.९, म्हणजे वयाला कमी, कॅल्शियम ८.८, व्हिटॅमिन डी ७. हाडांतून कॅल्शियम ओढणारं पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं. या सगळ्याचा अर्थ एकच निघतो, मुडदूस. कॅल्शियम नॉर्मलच्या काठावर दिसलं म्हणून फसू नका. शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तातला आकडा सांभाळत असतं.

कुठल्या घरी अशी शंका घ्यावी? चालायला दीड वर्षाच्या पुढे लागलं, चालता चालता मूल लवकर दमतं, पाय दुखतात म्हणतं, मनगटं जाड आहेत, टाळू दोन वर्षांनंतरही भरलेली नाही, उंची मागे पडते आहे. यातलं काही आणि वाकडे पाय असं दोन्ही असेल तर वाट बघू नका. तान्ह्या बाळात कॅल्शियम फार खाली गेलं तर पाय वाकण्याच्या आधीच झटका येऊ शकतो. तसं झालं तर त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

मुडदुसात पाय बाहेरच वाकतात का? आमच्या मुलाचे गुडघे आत वळलेत.

दोन्हीकडे वाकू शकतात. हाड मऊ झालं की त्या वयाला पायाचा जो नैसर्गिक कल असतो, तोच वाढत जातो. दीड-दोन वर्षांच्या मुलात तो बाहेर, चार-पाच वर्षांच्या मुलात आत. रांगणाऱ्या बाळात तर हातांवर वजन येतं म्हणून हातही वाकतात. त्यामुळे पाय कोणत्या बाजूला वाकले यावरून नॉर्मल की आजार हे ठरवता येत नाही. वय, किती वाक, पुढे काय होतंय आणि बाकीचं शरीर काय सांगतंय, हे सगळं एकत्र बघावं लागतं.

आमच्या मुलीचे पाय दोन वर्षांची असताना सरळ होते, आता साडेतीन वर्षांची आहे तर गुडघे एकमेकांवर घासतात. आता काय बिघडलं?

बहुधा काहीच नाही. झोका दुसऱ्या बाजूला गेला आहे. रामबागेतल्या मुलालाही साडेतीन वर्षांचा असताना आजी पुन्हा घेऊन आल्या होत्या. "तेव्हा बाहेर होते, तुम्ही म्हणालात होतील सरळ. आता आत गेले!" घोट्यांमधलं अंतर पाच सेंटीमीटर, दोन्ही पाय सारखे, उंची छान वाढलेली, दिवसभर गच्चीवर पळापळ. काहीच केलं नाही. सात वर्षांचा झाला तेव्हा पाय सरळ होते.

सात-आठ वर्षांनंतरही घोट्यांमध्ये आठ सेंटीमीटरच्या वर जागा राहत असेल, किंवा अंतर वाढतच असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मालिश, लंगोट, वॉकर, खास बूट, पाय बांधणं?

मालिशने हाड सरळ होत नाही. हळुवार मालिश बाळाला आवडते, ती करा. पण गुडघा दाबून "सरळ करणं" दुखवतं, आणि मुडदूस असेल तर मऊ हाड मोडूही शकतं. लंगोट किंवा डायपरने पाय फाकतात हे खरं नाही. लवकर उभं केल्यानेही वाकत नाहीत. कडेवर घेतल्याने तर मुळीच नाही, त्या बसण्याने उलट खुब्याचा सांधा नीट राहतो. वॉकरने पाय वाकत नाहीत, पण पायऱ्यांवरून पडून डोकं फुटलेली मुलं मी बघितली आहेत, म्हणून वॉकर नको. पाय आत मुडपून दोन्ही बाजूंना टाकून बसल्याने गुडघे आत वळतात असं म्हणतात, त्यालाही आधार नाही.

वाढीच्या पायरीतल्या वाकड्या पायांना बूट किंवा पट्ट्या लावल्या तरी ते सरळ होतात आणि नाही लावल्या तरी होतात. दोन वर्षं बूट वापरले आणि पाय सुधारले, अशी हकिकत ऐकली की तेवढं आठवा.

सकाळचं कोवळं ऊन रोज दाखवतो, मग व्हिटॅमिन डी कमी कसं?

कारण कोवळ्या उन्हात ते जवळजवळ तयार होत नाही. व्हिटॅमिन डी बनवणारे अतिनील बी किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पोचतात. सकाळी सातला सूर्य तिरपा असतो, ते किरण हवेतच अडतात. खिडकीच्या काचेतूनही ते आत येत नाहीत. सोपी खूण सांगते: उन्हात उभं राहा, आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेल तर ते ऊन या कामाचं नाही. सावली आखूड झाली की कामाचं.

इंदूर कर्कवृत्ताच्या अगदी जवळ आहे, वर उज्जैनच्या जरा पुढून ते जातं. त्यामुळे थंडीतही दुपारी आपल्याकडे कामाचं ऊन असतं. अडचण उन्हाची नाही, मुलं त्या वेळी घरात असतात ही आहे. फ्लॅट, शाळा, मे महिन्यातली चाळीसच्या वरची उष्णता, आणि पावसाळ्यात ढग. शिवाय सावळ्या त्वचेला तेवढंच व्हिटॅमिन डी बनवायला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. थंडीत अकराच्या सुमारास मुलाला हात-पाय उघडे ठेवून अंगणात खेळू द्या. पण उन्हावर विसंबून थेंब बंद करू नका, आणि तान्ह्या बाळाला कडक उन्हात धरू नका.

थेंब किती द्यायचे?

जन्मल्यापासून एक वर्षापर्यंत प्रत्येक बाळाला रोज ४०० युनिट. आईचं दूध सर्वोत्तम असलं तरी त्यात व्हिटॅमिन डी फार थोडं असतं, आणि आईमध्येच कमतरता असेल तर त्याहून कमी. एक वर्षानंतर रोजची गरज ६०० युनिट.

बाटली बदलताना लक्ष द्या. दुकानात एका मिलीत ४०० युनिट असलेले थेंब मिळतात आणि ८०० वालेही. दोन्हीची खोकी सारखीच दिसतात. जुन्या बाटलीची सवय लागलेल्या हाताने नव्या बाटलीतून दुप्पट किंवा निम्मं जातं. दर वेळी लेबल वाचून किती मिली द्यायचं ते ठरवा.

मुडदुसाचा उपचार किती दिवस चालतो? पाय सरळ होतात का?

राजेंद्रनगरच्या मुलीला रोज ३००० युनिट व्हिटॅमिन डी बारा आठवडे दिलं आणि त्याबरोबर रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. एक ते बारा वर्षांच्या मुलांना रोज ३००० ते ६००० युनिट देतात. डोस वयाप्रमाणे डॉक्टर ठरवतात, तो दुसऱ्या मुलाच्या चिठ्ठीवरून उतरवू नका. कॅल्शियम सोबत असणं तितकंच महत्त्वाचं. नुसतं व्हिटॅमिन डी दिलं तर ताजं होणारं हाड रक्तातलं कॅल्शियम वेगाने ओढून घेतं, आणि बांधायला सामान नसेल तर बांधकाम अर्धं राहतं.

चौथ्या आठवड्यात पुन्हा एक्स-रे काढला. हाडाच्या टोकाशी एक पांढरी रेघ आली होती. तीच बरं होत असल्याची पहिली खूण. पाय अजून तसेच होते, आणि तिची आजी नाराज झाली. मी त्यांना एक्स-रेवर बोट ठेवून ती रेघ दाखवली. तोवर मुलगी जिना चढायला लागली होती. स्नायूंची ताकद हाडांच्या आधी परत येते, आणि आईने हा बदल माझ्या आधी टिपला होता. बारा आठवड्यांनी अल्कलाइन फॉस्फटेज ४६० वर आलं, डोस कमी करून रोज ६०० युनिट चालू ठेवलं. सहा महिन्यांनी गुडघ्यांमधलं अंतर साडेपाच, वर्षभराने अडीच सेंटीमीटर.

लहान वयात उपचार मिळाला की हाड वाढता वाढता स्वतःच सरळ होत जातं. त्याला महिने नाही, वर्ष-दोन वर्षं लागतात.

व्हिटॅमिन डीची साठ हजार युनिटची पुडी दर आठवड्याला दिली तर लवकर फरक पडेल ना?

नाही. व्हिटॅमिन डी चरबीत साठतं आणि जास्त झालं तर लघवीवाटे सहज निघून जात नाही. डॉक्टर कधी कधी मोठा डोस देतात, पण किती पुड्या आणि कधी थांबायचं हे मोजून. अडचण होते ती पुड्या संपल्यावर कुणी तरी पुन्हा आणतं तेव्हा, किंवा आठवड्याची पुडी चुकून रोज दिली जाते तेव्हा, किंवा थेंब, पुडी आणि कमरेत सुई असं तीन ठिकाणांहून एकदम सुरू होतं तेव्हा. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मूल उलट्या करतं, शी घट्ट होते, सारखं पाणी मागतं, सारखी लघवी होते, सुस्त पडून राहतं. मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. असं काही दिसलं तर डोस थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा, आजवर दिलेल्या प्रत्येक औषधाचं खोकं बरोबर घेऊन.

मूल दूध पीतच नाही. कॅल्शियम कुठून द्यायचं?

एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. दिवसाला ३०० च्याही खाली गेलं तर व्हिटॅमिन डी बरं असूनही मुडदूस होऊ शकतो. एक कप, म्हणजे २०० मिली दुधात साधारण २४० मिलिग्रॅम असतं. दूध नको असेल तर दही, ताक, पनीर, कढी यातूनही कॅल्शियम मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलिग्रॅम. नाचणी इंदुरात सहज मिळत नाही असं म्हणतात, पण किराणा दुकानात "रागी" म्हणून मागा, मिळते. तिची पेज किंवा धिरडं मुलं खातात. तिळाची चटणी भातावर टाकता येते.

सकाळी पोहे आणि चहा, दुपारी वरण-भात, संध्याकाळी शेव, अशा दिवसात कॅल्शियम फारसं येतच नाही. पोह्यांबरोबर वाटीभर दही द्या, एवढ्यानेही बराच फरक पडतो. दूध आवडणाऱ्या मुलालाही अर्ध्या लिटरच्या वर देऊ नका. पोट दुधानेच भरतं आणि लोह कमी पडतं.

बारा आठवडे औषध नीट दिलं, तरी एक्स-रे तसाच. आता?

आधी खात्री करा की औषध खरंच पोटात गेलं. ते गेलं असेल तर हा साधा मुडदूस नसावा. काही मुलांच्या मूत्रपिंडातून फॉस्फरस वाहून जातो. तो आजार अनेकदा घराण्यात चालतो, आणि घरात कुणी बुटकं, वाकड्या पायांचं माणूस असतं. त्यात कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी ठीक, फॉस्फरस मात्र सतत खाली. काहींच्या मूत्रपिंडात आम्लाचा बिघाड असतो. त्यांचे उपचार वेगळे आहेत आणि व्हिटॅमिन डीचे डोस वाढवत राहिलं तर नुकसानच होतं. अशा मुलाला मोठ्या रुग्णालयात मुलांच्या हार्मोन किंवा मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे पाठवतात.

एकच पाय वाकडा आहे.

दाखवा. वाढीची पायरी दोन्ही पायांना सारखीच लागू होते. एकाच पायाला वाक असेल तर जुनी दुखापत, हाडातला जंतुसंसर्ग किंवा ब्लाउंट नावाचा आजार शोधावा लागतो. ब्लाउंटमध्ये गुडघ्याच्या लगेच खाली, नडगीच्या आतल्या बाजूची वाढ अडते. मूल बहुधा वजनदार असतं आणि लवकर चाललेलं. वाक सगळ्या पायात गोलसर नसतो, गुडघ्याखाली एकदम कोन पडतो, आणि चालताना प्रत्येक पावलाला गुडघा बाहेर फेकल्यासारखा जातो. हा दोन्ही पायांतही होऊ शकतो. दोन वर्षांनंतर वाक वाढत असेल तर तो डोक्यात ठेवायला हवा.

तेरा वर्षांच्या मुलीचे गुडघे गेल्या वर्षभरात आत वळले. ही पण पायरीच का?

या वयात अशी पायरी नसते. पाय सहा-सात वर्षांपर्यंत जिथे यायचे तिथे येऊन थांबलेले असतात. वयात येताना उंची झपाट्याने वाढते, हाडांना कॅल्शियम जास्त लागतं, आणि त्याच वयात मुली दूध सोडतात, घरात, क्लासमध्ये असतात. मुडदूस पुन्हा डोकं वर काढू शकतो. आधी पाय दुखतात, जिना चढताना, खाली बसून उठताना त्रास होतो, मग गुडघे जवळ येतात. "वाढीचं दुखणं आहे" म्हणून सोडून देऊ नका. एक्स-रे आणि रक्ततपासणी करा.

ऑपरेशन लागतं का?

आधी मुडदूस पूर्ण बरा करायचा. रक्त आणि एक्स-रे नॉर्मल झाल्याशिवाय ऑपरेशन केलं तर पाय पुन्हा वाकतो. त्यानंतरही वाक उरला आणि मूल अजून वाढत असेल, तर गुडघ्याच्या एका बाजूला वाढीच्या पट्टीवर दोन स्क्रूंची छोटी प्लेट बसवतात. ती बाजू तात्पुरती थांबते, दुसरी वाढते आणि पाय हळूहळू सरळ होतो. सरळ झाला की प्लेट काढतात, नाहीतर तो पलीकडे वाकेल. यासाठी वाढ शिल्लक असावी लागते. वयात आल्यानंतर उशीर केला तर ही सोपी वाट बंद होते आणि हाड कापून बसवावं लागतं. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाचा वाक कायम असेल तर "अजून वाढेल" म्हणत वर्षं घालवू नका.

राजेंद्रनगरच्या मुलीला यातलं काहीच लागलं नाही. सव्वाचार वर्षांची झाली तेव्हा तिचे गुडघे वयाप्रमाणे किंचित आत झुकलेले होते. आई ते बघून पुन्हा घाबरली. आम्ही तिला झोपवून मोजलं, घोट्यांमध्ये तीन सेंटीमीटर, आणि वहीत तारीख लिहिली.